सकाळची नाडी ८१ वरून ६१ झाली, हे फिटनेसमुळे की कमी खाण्यामुळे?

प्रश्न: मी नागपूरची, वय ३९, ऑफिसात बैठं काम. १ जूनपासून रोज सकाळी ४० मिनिटं भरभर चालते. अकरा आठवड्यांत वजन ७६ किलोवरून ६७.५ वर आलं. उठल्या उठल्या नाडीचे ठोके मोजून वहीत लिहिते. आठवड्याची सरासरी अशी आहे: ८१, ७९, ७६, ७५, ७५, ७४, ७१, ६८, ६५, ६३, ६१. सातव्या आठवड्यापासून रात्री जेवत नाही, फक्त सूप घेते. कुठलीही गोळी चालू नाही. ट्रेकिंगवाली मैत्रीण म्हणते, तुझं हार्ट आता खेळाडूचं झालं. आई म्हणते, अंगात काही उरलं नाही तुझ्या. हातपाय गार पडतात, पण तो पावसाळ्याचा परिणाम असेल. कोणाचं खरं मानू?

उत्तर:

दोघींचं खरं आहे, फक्त आठवडे वेगळे आहेत. पहिले सहा आठवडे बरेचसे मैत्रिणीच्या बाजूचे आहेत. पुढचे पाच तुमच्या आईच्या बाजूचे आहेत, असं मला तुमच्या आकड्यांवरून दिसतं. तुम्ही एकच आकडा न लिहिता अकराही लिहिलेत म्हणून हे सांगता तरी येतं. नुसतं "८१ चे ६१ झाले" असं लिहिलं असतंत, तर मलाही अंदाजच बांधावा लागला असता.

आकडे पुन्हा एकदा बघा. ८१ पासून ७५ पर्यंत ठोके उतरले आणि मग तीन आठवडे तिथेच घुटमळले: ७५, ७५, ७४. म्हणजे एक पायरी उतरून झाली आणि सपाटी आली. सातव्या आठवड्यापासून दुसरी उतरण सुरू झाली आणि ती पहिलीपेक्षा जास्त तीव्र आहे: पाच आठवड्यांत १३ ठोके. चालणं तर तेच, ४० मिनिटंच. मग सातव्या आठवड्यात नवीन काय झालं? रात्रीचं जेवण गेलं.

व्यायामाने ठोके कसे उतरतात ते आधी सांगते. विश्रांतीच्या वेळी शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवावं लागतं. ८१ ठोक्यांत तेवढं काम करायचं, तर प्रत्येक ठोक्याला सुमारे ६० मिली रक्त पुढे ढकलावं लागतं. रोज भरभर चालायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयात परत येणारं रक्त वाढतं, ते जरा जास्त भरतं आणि एका ठोक्यात ६५ मिली ढकलू लागतं. मग तेच काम ७५ ठोक्यांत भागतं. शिवाय हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नावाची नस हळूहळू जास्त जोर धरते. बैठ्या माणसाने चालायला सुरुवात केली की दोन-तीन महिन्यांत तीन ते सहा ठोक्यांची घट हा नेहमीचा अनुभव आहे. कधी थोडी जास्तही होते. पण ती एका पातळीवर जाऊन थांबते. पुढे उतरायचं असेल तर व्यायाम वाढवावा लागतो. तोच व्यायाम करत राहून ठोके आठवड्याला दोन-तीनने पडत राहिले, तर मी व्यायाम सोडून दुसरीकडे शोधायला लागते.

या पहिल्या घटीतलंही सगळं श्रेय चालण्याला देऊ नका. १ जूनला नागपुरात काय उकाडा असतो ते तुम्हाला सांगायला नको. गरम हवेत अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त जातं आणि पहाटेचे ठोकेसुद्धा वर राहतात. तिसऱ्या आठवड्यात, पाऊस यायच्या सुमारास, तुमची नाडी ७९ वरून ७६ वर आली आहे. त्यातले एक-दोन ठोके पावसाचे असू शकतात. विदर्भातली माणसं मेमध्ये सुरुवात करून जुलैत खूश होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात आकडा वर गेला की घाबरतात, हे मी दरवर्षी बघते.

आता दुसरी उतरण. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि थोडा भात असं रात्रीचं साधं जेवण ५०० ते ६०० कॅलरींचं होतं. वाटीभर भाज्यांच्या सुपात १०० सुद्धा नसतात. म्हणजे आधीच्या काटकसरीवर तुम्ही रोज आणखी साडेचारशे-पाचशे कॅलरी कापल्या. वजन आठवड्याला सरासरी पाऊण किलोहून थोडं जास्त, म्हणजे शरीराच्या एक टक्क्यापेक्षा अधिक वेगाने उतरलं आहे. वहीत वजनही आठवड्यावार लिहिलं असेल, तर सातव्या आठवड्यानंतर हा वेग वाढलेला दिसेल असं मला वाटतं.

इतकी तूट पडली की शरीर खर्च आवरतं. अंग सावध आणि तापलेलं ठेवणारी सिम्पथेटिक नसांची यंत्रणा मंदावते. थायरॉईडचं जे संप्रेरक पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करतं, ते टी-३, कमी होतं. हातापायांकडचं रक्त आखडतं, आतडी सुस्तावतात, ठोके कमी होतात. इथे हृदय एका ठोक्यात जास्त काम करायला शिकलेलं नसतं, त्याच्याकडे होणारी मागणीच घटलेली असते. सोसायटीच्या पाण्याची मोटर आधीपेक्षा कमी वेळा चालू होऊ लागली, तर दोन शक्यता असतात: टाकी मोठी बसवली, किंवा लोक कमी पाण्यात भागवायला लागले. मोटरच्या आवाजावरून यातलं काय घडलं ते कळत नाही. सकाळच्या नाडीचंही तसंच आहे.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. उद्देश होता युद्धानंतर उपासमारीतून बाहेर येणाऱ्या लोकांना कसं खाऊ घालावं हे समजून घेण्याचा. त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं सक्तीचं होतं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटलं आणि विश्रांतीतली नाडी सरासरी ५५ वरून ३५ पर्यंत आली. आकडा मॅरेथॉन धावणाऱ्यांना शोभेल असा, पण त्या तरुणांना जिना चढणं जड जात होतं आणि भर उन्हाळ्यात थंडी वाजत होती. तुमची अवस्था तशी मुळीच नाही. रोज चालत असतानाही नाडी निव्वळ खाणं कमी पडल्यामुळे उतरू शकते, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

म्हणून वहीत दुसरा एक आकडा हवा: ठरलेल्या श्रमानंतरचे ठोके. मी बहुतेकांना जिनाच सुचवते, कारण तो बदलत नाही. तीन मजले, न थांबता, दर वेळी तितक्याच वेळात. समजा ७५ सेकंद. मोबाइलवर टायमर लावून वेग सांभाळा. वर पोहोचल्यावर लगेच १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. एक मिनिट उभं राहून पुन्हा मोजा. शेजारी लिहा की दम किती लागला: बोलता येत होतं, तुटक बोलता येत होतं की बोलताच येत नव्हतं.

इथे एक गफलत होते. तुमचं साडेआठ किलो ओझं उतरलंय. जिना सोपा वाटतो तो फिटनेसमुळे की ओझं कमी झाल्यामुळे, हे कसं ठरवणार? यावर माझा घरगुती उपाय आहे. जेवढं वजन उतरलं तेवढे तांदूळ पिशव्यांत भरून पाठीवरच्या सॅकमध्ये घाला, पट्टे घट्ट आवळा आणि तोच जिना तितक्याच वेळात चढा. गुडघा किंवा कंबर दुखत असेल, किंवा सध्या चक्कर येत असेल, तर हे करू नका. जूनमधल्या शरीराइतकंच ओझं घेऊन आज तुम्ही कमी ठोक्यांत आणि कमी दमात वर पोहोचलात, तर ती तुमची खरी कमाई. जूनमध्ये जिन्याचे आकडे घेतले नसतील, तर आजपासून लिहा आणि पुढे महिन्यातून एकदा बघा.

नुसते ठोके बघू नका, दमही बघा. खाणं कमी पडलेल्या माणसाचे ठोके श्रमातसुद्धा फारसे वर चढत नाहीत. त्यामुळे आकडा छान दिसतो आणि पाय मात्र शिशाचे होतात. मागे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, वय ४६, बँकेत नोकरी. चार महिन्यांत सकाळचे ठोके ७६ वरून ५४ झाले म्हणून पेढे घेऊनच आले. टेकडीवर जायला किती वेळ लागतो असं विचारलं, तर म्हणाले, आधी २२ मिनिटं लागायची, आता २७ लागतात आणि मध्ये एकदा टेकावं लागतं. नाडी २२ ठोक्यांनी सुधारली आणि टेकडी पाच मिनिटांनी लांबली, हे जमत नाही. ते दुपारी दोन भाकऱ्या खायचे आणि रात्री पपई. रात्रीचं जेवण परत सुरू केल्यावर दहा दिवसांत नाडी ६३ वर आली आणि तिथेच राहिली. म्हणजे त्यांच्या २२ पैकी १३ ठोके चालण्याचे होते आणि नऊ पपईचे.

हीच पडताळणी तुम्ही करा. दोन आठवडे रात्रीचं जेवण परत आणा. पूर्वीइतकं नको, पण एक भाकरी किंवा दोन लहान पोळ्या, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी आणि दही एवढं हवं. म्हणजे सुपापेक्षा साधारण ३०० ते ४०० कॅलरी जास्त. चालणं तेवढंच ठेवा, वाढवू नका, नाहीतर काय कशामुळे झालं हे कळणार नाही. आणि आठ वाजेपर्यंत जेवा. भरपेट उशिरा जेवल्यावर पचनामुळे रात्रभर ठोके थोडे वर राहतात आणि तो वेगळाच गोंधळ होतो.

माझा अंदाज असा की दोन आठवड्यांत तुमची नाडी ६६ ते ७० च्या दरम्यान येऊन थांबेल. ती वाढ म्हणजे फिटनेस गेला असं नाही, खाण्यामुळे दबलेले ठोके परत आले एवढंच. त्यानंतर जो आकडा स्थिर राहील तो तुमच्या चालण्याचा खरा आकडा. पहिल्या चार-पाच दिवसांत वजन अर्धा-एक किलो वाढलेलं दिसेल. ते स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं, चरबी नाही. बहुतेक जण नेमके याच वेळी घाबरून परत सुपावर जातात. पुढे वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला तीन-चारशे ग्रॅमचा वेग ठेवा.

तुमच्या वहीतली आणखी एक गोष्ट खटकली. पाळी नियमित असलेल्या बाईची सकाळची नाडी महिन्याच्या उत्तरार्धात, पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत, दोन-चार ठोक्यांनी वर असते. त्यामुळे बायकांनी एका आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा चार आठवड्यांपूर्वीच्या आठवड्याशी करणं बरं. शेवटच्या पाच आठवड्यांत असा चढ तुमच्याकडे कुठेच दिसत नाही. एवढ्या उतरणीत तो झाकला गेला असेलही. पण पाळी वेळेवर आली का, नेहमीसारखी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चुकली असेल तर आधी घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा. ती निगेटिव्ह आली तर जेवण वाढवण्याचं काम उद्यावर टाकू नका. गार हातपायांचं म्हणाल, तर जुलैत नागपुरात सगळ्यांचेच हातपाय गार पडतात का, हे घरात विचारून बघा.

रोजच्या मोजणीबद्दल थोडं. उठल्यावर बाथरूमला जाऊन आला असाल तर परत आडवं होऊन तीन मिनिटं पडून राहा. चहाच्या आधी मोजा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, स्वतःचा अंगठा नको, आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. जिन्यावर १५ सेकंद चालतात, कारण तिथे ठोके भराभर उतरत असतात. पहाटे मात्र १५ सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटाला चारची चूक होते आणि आपण तर तीन-चारच्या फरकावरून निष्कर्ष काढतो आहोत. सरासरीपेक्षा मधला आकडा घ्या: सातही आकडे चढत्या क्रमाने लिहून चौथा. एका रात्रीचं जागरण किंवा लग्नातलं जेवण सरासरी बिघडवतं, मधल्या आकड्याला सहसा धक्का लावत नाही. दोन आठवड्यांत दोन ठोक्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. तीन आठवडे सलग एकाच दिशेने गेले तर लक्ष द्यायचं.

मध्येच घड्याळ घेतलंत तर वहीतले जुने आकडे त्याच्याशी जोडू नका. काही घड्याळं झोपेतले सर्वात कमी ठोके धरतात, काही जागेपणी शांत बसलेले धरतात. बोटांनी मोजलेल्या ६८ चे घड्याळात एका रात्रीत ६० होऊ शकतात, आणि तुम्हाला काहीही झालेलं नसतं.

तुम्ही गोळ्या घेत नाही हे लिहिलंत ते बरं केलंत. मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल, अर्धशिशीसाठी दिलेली प्रोप्रॅनोलोल, डिल्टियाझेम या औषधांनी नाडी सरळ खाली येते, आणि मग वर सांगितलेला हिशेब चालत नाही. तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट सोडली तरी काही दिवसांतच ठोके चांगले उतरतात. वजन कमी करायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं उलट दोन-चार ठोके वाढवतात. तिथे नाडी उतरत नाही म्हणून चालणं वाया गेलं असं समजायचं नसतं.

दोन आठवडे नीट जेवूनही नाडी ६१ वरच राहिली किंवा आणखी उतरली, तर माझा खाण्याचा अंदाज चुकला असं धरा आणि जवळच्या फिजिशियनकडे जाऊन ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच आणि पोटॅशियम बघून घ्या. ६१ हा आकडा स्वतःहून धोक्याचा नाही, पण कारण कळायला हवं. टीएसएचबद्दल एक सांगते: कमी खाण्याने टी-३ उतरतं तेव्हा टीएसएच बहुधा नॉर्मलच येतं. कोणी टी-३ करून घेतलं आणि ते कमी आलं, तरी त्यावर थायरॉईडची गोळी सुरू करायची नसते. जेवण वाढलं की ते आपोआप वर येतं. टीएसएचच वाढलेलं आलं तर मात्र गोष्ट वेगळी.

दोन आठवडे थांबायचं नाही, असेही प्रसंग आहेत. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन तोल जाणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, थोड्या श्रमात धाप लागणं, किंवा जागेपणी ठोके ५० च्या खाली आणि सोबत गळाठा. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. ठोके ४० च्या आसपास आले असतील, तर त्रास नसला तरी ईसीजी काढा.

आणि मोजताना ठोक्यांची लय बघा. मनगटावर प्रत्येक ठोका पोहोचतोच असं नाही. मध्ये जादा ठोका लवकर पडला, तर तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं आणि तो ठोका बोटाला लागत नाही. एक बाई रात्री नऊ वाजता घाबऱ्याघुबऱ्या आल्या, नाडी ३६ लागत होती, घड्याळही ३६ दाखवत होतं. ईसीजीवर ७२ ठोके होते, एकाआड एक जादा. महिनाभर फळांचा रस आणि काकडीवर होत्या. म्हणून सकाळी ६० सेकंद मोजताना मध्ये ठोका गळला असं वाटलं, तर आकड्याशेजारी फुली मारा. आठवड्यात तीनपेक्षा जास्त फुल्या झाल्या तर वही घेऊनच ईसीजीला जा.